संध्याकाळी बायको ओळखत नाही

प्रश्न: बायकोला अल्झायमर आहे. दिवेलागणीला ‘तुम्ही कोण? मला घरी सोडा’ म्हणते. काय करू?

उत्तर: ‘अगं, मी तुझा नवरा’ हे पटवायला जाऊ नका, ती आणखी घाबरेल. इंदूरला आमच्या घरी मी अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावतो, कारण सावल्यांनी गोंधळ वाढतो. तरी माझी बायको, तिलाही हाच आजार आहे, घरी जायला उठलीच तर म्हणतो, ‘चला, सोडतो.’ राजवाड्याकडे एक फेरी मारून परततो. दारातली तुळस दिसली की म्हणते, ‘आलं घर.’ मला ती भाऊ म्हणते, म्हणून चाळीस वर्षांच्या संसारानंतर मी तिला अहो-जाहो करतो. रस्ता ओलांडताना हात मात्र माझाच धरते. गोंधळ एक-दोन दिवसांत एकदम वाढला, तर डॉक्टरांना दाखवून लघवीची तपासणी करा. संसर्गानंही असं होतं.