‘आणल्या ना’ आणि ‘हाव नं, आणल्या’

प्रश्न: नवरा पुण्याला कंपनीत, मी गावी सासरी (यवतमाळ जिल्हा). दिवसभर शेताची कामं. फोन हातात आला की ‘हो’, ‘केलं’, ‘बघते’ एवढंच लिहून होतं. तो म्हणतो, तुटक बोलतेस, राग आहे का. मैत्रिणीने सांगितलं, ‘ना’, ‘हं’, ‘जरा’ असे शब्द लावत जा. लावले तर म्हणाला, टोमणे मारतेस का. कुठे चुकतंय माझं?

उत्तर:

ताई, ‘टोमणे मारतेस का’ हे मी शब्द न् शब्द ऐकलेलं आहे, म्हणून लिहायला बसले. मी भाषेची शिक्षिका नाही. वरूड तालुक्यात आशा वर्कर आहे. जे सांगते ते माझ्या घरातलं आणि आमच्या भागाच्या बोलण्यातलं आहे.

आमचे हे संत्र्याच्या गाडीवर असतात. आंबिया बहाराची तोड लागली की महिना-महिना घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. धाब्यावर गाडी थांबली की मेसेज करतात, आणि नेमकी तेव्हाच मी कुणाच्या तरी घरी बाळाचं वजन घेत असते. बाळंतीण घरी आली की ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या भेटी असतात, प्रत्येक भेटीला वजन, ताप, नोंदी. एका हातात काटा, दुसऱ्या हातात फोन. तेव्हा ‘हो’ लिहिलं तरी पुष्कळ वाटायचं. त्यांना ते कोरडं लागायचं. तिथपर्यंत तुमचं-माझं सारखंच आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

मला महागात पडलं ते पुढचं. सात वर्षांपूर्वी आमच्यात अबोला वाढला म्हणून मी एका समुपदेशनाच्या कार्यालयात गेले. नाव लिहीत नाही. दोन खेपा झाल्या, दोन्ही वेळा कामाचा दिवस बुडाला. माझ्या फोनमध्ये सगळे मेसेज होते. मी फोन पुढे केला, कुणी हातात घेतला नाही. ‘ताई, बोलण्यात गोडवा आणा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘ना’ लावत जा, आपोआप मऊ वाटतं’, एवढं सांगून पुढच्या बाईला आत बोलावलं. ज्या माणसाला मी लिहिते तो काय विचारतो आणि मी काय उत्तर देते, हे न बघता औषध दिलं. ताप न मोजता गोळी द्यावी तसं. मला अजूनही त्याचा राग येतो, कारण मी ते मनापासून पाळलं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या. यांचा मेसेज आला, ‘बाबांच्या गोळ्या आणल्या का?’ एरवी मी ‘आणल्या’ लिहिलं असतं. सांगितल्याप्रमाणे शेवटी शब्द लावला आणि लिहिलं, ‘आणल्या ना.’

फोन आला नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. चार दिवसांनी कळलं की दिवाळीला घरी यायच्या ऐवजी यांनी दुसरी खेप घेतली. पोरगी दारात दिवा लावून बसली होती. नंतर एकदा म्हणाले, ‘मी काय तुले हिशोब मागून राह्यलो होतो का वं? नुसतं इचारलं तर अंगावर आली.’

कारण मला सासूबाईंनी सांगितलं, आणि त्यांना अक्षर वाचता येत नाही. पुतण्याला तो मेसेज मोठ्याने वाचायला लावला. त्याने पोरं धडा वाचतात तसा, बिनसुराचा वाचला, ‘आणल्या ना’. सासूबाई लगेच म्हणाल्या, ‘असं काहून तोडून बोलली तू? आपण हाव नं म्हणतो. नं मागून काहून लावलं?’

ताई, सगळी गोष्ट इथे आहे. ‘ना’ हा शब्द मऊही नाही आणि टोचराही नाही. तो कशाला चिकटतो त्यावर ठरतं. विनंतीला चिकटला की तो हात धरतो: या ना, खा ना, सांगा ना. पुढे व्हायच्या गोष्टीला चिकटला की धीर देतो: येते ना, करते ना. होकाराला चिकटला की ‘अर्थातच’ म्हणतो: हो ना, हाव नं. पण होऊन गेलेल्या कामाला चिकटला की त्याचा अर्थ होतो ‘झालं म्हटलं, पुन्हा काय विचारता?’ सांगितलं ना. दिलं ना. केलं ना. आपण पोरांवर वैतागतो तेव्हा हेच बोलतो. समोर उभं राहून हसत म्हटलं तर सूर सांभाळून घेतो. फोनच्या पडद्यावर सूर नसतो. थकलेला माणूस रात्री एकटा वाचतो तेव्हा स्वतःच्या मनातला सूर लावून वाचतो.

तुम्ही लिहिलंय त्यात ‘केलं’ हे उत्तर आहे. माझा अंदाज आहे की तुम्ही ‘केलं ना’ लिहिलं असेल. अंदाजच आहे, चुकीचा असू शकतो.

मग माझ्या त्याच मेसेजचं काय करायला हवं होतं? शब्द तोच, जागा बदलायची. ‘हाव नं, आणल्या.’ आधी होकार, होकाराला ‘नं’, मग काम. वेळ असला तर मागून काहीतरी खरं जोडायचं, ‘हाव नं, आणल्या. सकाळची दिली पण.’ त्यांना गोळ्यांचा हिशोब नको होता, बाप बरा आहे एवढं ऐकायचं होतं. आता मी असंच लिहिते. तुम्ही नवऱ्याला ‘अरे-तुरे’ करत असाल तर ‘हो रे, केलं’ हेही चालेल. ‘केलं रे’ मात्र दमल्यासारखं वाटतं, इथेही तीच जागेची भानगड.

आणखी एक, आणि हे फक्त आपल्याकडच्यांना कळेल. आपण घरी वऱ्हाडी बोलतो आणि फोनवर शाळेतली मराठी लिहितो. मी ‘होय’ लिहायचे. यांना ‘होय’ म्हणजे तहसीलची नोटीस वाटायची. ज्या बाईने आयुष्यभर ‘हाव’ म्हटलं तिने अचानक ‘होय’ लिहिलं तर नवऱ्याला परकं वाटणारच. जे तोंडाने बोलता तेच लिहा. फोन शब्द लाल करून दाखवतो, दाखवू द्या. मात्र भंडारा-गोंदियाकडे ‘जी’ लावतात, ‘हो जी’, ते आमच्याकडे सासऱ्यांना शोभतं, नवऱ्याला लिहिलं तर रुसवा वाटेल. म्हणून माझे शब्द उचलू नका, तुमच्या घरातले घ्या.

‘बघते’ बद्दल. नुसतं ‘बघते’ म्हणजे ‘करणार नाही, पण नाही कसं म्हणू’ असं वाचलं जातं. आपण दुकानदाराला किंवा नको असलेल्या पाहुण्याला असंच म्हणतो. ‘बघते हं’ लिहिलं की ते वचन होतं, आत्ता हात अडकलेत पण विसरणार नाही. हा ‘हं’ शेवटीच लावायचा. नुसता ‘हं’ पाठवू नका, तो फक्त ‘ऐकलं’ एवढंच सांगतो, आणि तो ‘हो’पेक्षाही थंड. ‘बघते हं, दुपारी’ असं वेळेसकट लिहिलंत तर त्याहून बरं. पण मग दुपारी खरंच बघावं लागतं, नाहीतर पुढच्या वेळी तो ‘हं’ खोटा पडतो. माझ्याकडून एकदोनदा पडला आहे.

‘जरा’ची गंमत नाही, ते खरंच फसवं आहे. ‘जरा थांबा’ ही विनंती आहे. ‘थांबा जरा’ हे दरडावणं आहे. दोनच शब्द, अदलाबदल झाली की घर पेटतं. ‘जरा’ कायम आधी. आणि ‘जरा समजून घ्या’ हे कधीच लिहू नका. त्यात ‘तुम्ही समजून घेत नाही’ असं आधीच म्हणून झालेलं असतं.

सगळं एकाच मेसेजमध्ये घालायचं नाही. मी काही दिवस ‘जरा लवकर या ना हं’ असं लिहीत होते. यांनी फोन करून विचारलं, ‘काय झालं? बाबा बरे आहेत ना?’ इतकी आर्जवं वाचून माणूस घाबरतो, नाहीतर काही लपवतेय असं त्याला वाटतं. एका मेसेजला एक शब्द बस. पैशाच्या मेसेजला तोही नको. ‘पाठवले का?’ विचारलं तर ‘पाठवले, तीन हजार’ एवढं सरळ लिहायचं, आकड्याला गोडवा लावला की संशय येतो.

पाठवण्याआधी माझी एकच तपासणी आहे. मेसेज पुतण्या वाचायचा तसा, बिनसुराने, ओठात वाचते. टोचला तर शब्दाची जागा बदलते. तरीही टोचला तर शब्द काढून टाकते आणि मोकळं झाल्यावर फोन करते. हात भरलेले असतील तर दोन सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवते, त्यात सूर असतो. आमच्या गावात रेंज दुपारी जाते, म्हणून तो कधीकधी संध्याकाळी पोचतो आणि उत्तर उशिरा आलं म्हणून वेगळंच होतं. तेही ध्यानात असू द्या.

एक सांगून ठेवते. तो दुसऱ्या कशावर चिडलेला असेल, कर्ज, नोकरी, सासूची तक्रार, तर या शब्दांनी काही होत नाही. आणि घरात मारझोड किंवा धमकी असेल तर हे माझं लिहिलेलं तुमच्यासाठी नाही, तिथे शब्द मऊ करायची जबाबदारी तुमची नाही. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटलं नाही, म्हणून एवढं लिहिलं.

तो टोमणा वाटलेला मेसेज जसाच्या तसा इथे टाका, आणि त्याच्या आधी नवऱ्याने काय विचारलं होतं तेही. प्रश्न न बघता उत्तर सुधारता येत नाही, आणि मला तसंच न बघता सांगणाऱ्यांनी दिवाळी घालवली.