प्रतिक्रिया कोणावर? घोडा, गाडी आणि हरवलेलं कर्म

प्रश्न: "‘क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात’ असं मुलीच्या पुस्तकात आहे. समान आणि विरुद्ध असतील तर दोन्ही एकमेकींना खोडून काढतील ना? मग घोडा गाडी पुढे ओढतो कसा? आणि ‘प्रतिक्रिया’ हा शब्द इथे बरोबर वापरलाय का?"

ती दोन बलं एकमेकांना खोडत नाहीत, कारण ती एकाच वस्तूवर नसतात. घोडा गाडीला ओढतो ते बल गाडीवर पडतं. गाडी घोड्याला मागे ओढते ते बल घोड्यावर पडतं. गाडी हलेल का हे ठरवायचं तर फक्त गाडीवरची बलं मोजायची, आणि घोडा हलेल का हे ठरवायचं तर फक्त घोड्यावरची. एकाच्या खात्यातून पाचशे रुपये वजा झाले आणि दुसऱ्याच्या खात्यात तेवढेच जमा झाले, म्हणून कोणाचंच खातं जिथल्या तिथे राहत नाही, तसंच हे आहे.

तुमचा गोंधळ त्या वाक्याच्या घडणीतून आलेला आहे आणि तो अगदी रास्त आहे. मराठीत ‘ओढतो’ म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, कोणाला? ‘ढकलतो’, ‘दाबतो’, ‘रेटतो’ या सगळ्या क्रियापदांना कर्म लागतं. पण त्याच क्रियापदाच्या जागी ‘क्रिया’ हे नाम ठेवलं की कर्म सांगायची सक्ती उरत नाही. ‘क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात’ हे वाक्य व्याकरणाने पूर्ण आहे, पण त्यात कोण कोणावर बल लावतंय हे कुठेच नाही. मग वाचणारा दोन्ही बलं मनातल्या मनात एकाच वस्तूवर ठेवतो आणि बेरीज शून्य करून मोकळा होतो.

मूळ नियमात हे कर्म होतं. न्यूटनचा ‘प्रिन्किपिया’ हा लॅटिन ग्रंथ १६८७ साली आला. त्यात तिसऱ्या नियमाचं वाक्य दोन भागांचं आहे. पहिल्या भागात ‘आक्तिओ’ आणि ‘रेआक्तिओ’ ही नामं आहेत. आपले ‘क्रिया’ आणि ‘प्रतिक्रिया’ त्यांचेच प्रतिशब्द. दुसरा भाग ‘म्हणजेच’ असं म्हणून पहिल्याचा खुलासा करतो: दोन वस्तूंच्या एकमेकींवरच्या क्रिया नेहमी समान असतात आणि विरुद्ध दिशांना असतात. ‘दोन वस्तू’ आणि ‘एकमेकींवर’, नियमाचा जीव या शब्दांत आहे. तोंडपाठ होताना मात्र पहिला भाग राहतो आणि दुसरा गळतो.

घोड्याचं उदाहरणही न्यूटनचंच. नियमाखालच्या स्पष्टीकरणात दोरीने बांधलेला दगड ओढणारा घोडा येतो. तो म्हणतो की घोडा दगडाला ओढतो तेव्हा घोडाही, ‘म्हणायचं तर’, तेवढाच दगडाकडे मागे ओढला जातो. ‘म्हणायचं तर’ हे शब्द त्याचे आहेत, ‘उत इता दिकाम’. दगड घोड्याला ओढतो हे कानाला विचित्र वाटेल याची त्याला जाणीव होती. पुढे तो दोरीकडे बोट दाखवतो. ताणलेली दोरी सैल व्हायला बघते, आणि त्या एकाच धडपडीत ती घोड्याला दगडाकडे आणि दगडाला घोड्याकडे खेचते; एकाची वाटचाल ती जितकी अडवते तितकीच दुसऱ्याची पुढे नेते. म्हणजे दोरीमुळे घोड्याला मागेच खेच बसते, हे न्यूटनने सरळ मान्य केलं आहे. मग घोडा पुढे कशाने जातो? त्या परिच्छेदात जमिनीचा उल्लेख नाही, आणि आपल्या कोड्याचं उत्तर नेमकं जमिनीत आहे.

घोडा निघताना कसा निघतो ते पाहा. मान खाली घालतो, अंग पुढे झोकतो, मागचे पाय रोवतो आणि खुरांनी जमीन मागे रेटतो. हा रेटा जमिनीवर पडतो. त्याची जोडीदार बाजू म्हणजे जमीन घोड्याला पुढे रेटते. घोड्यावर पुढच्या दिशेने बाहेरून पडणारं बल हेच. त्याचे स्नायू कितीही ताकदीचे असोत, पायाखाली पकड नसेल तर ती ताकद पुढे नेण्याच्या कामी येत नाही.

आता आकडे घालून बघू. घोडा ४०० किलोचा, प्रवाशांसकट टांगा ६०० किलोचा, रस्ता कच्चा पण कोरडा. चाकांचा आणि रस्त्याचा मिळून विरोध २०० न्यूटन धरू. (१ किलो वजन हातात धरलं की साधारण १० न्यूटनचा भार जाणवतो, म्हणजे हा विरोध २० किलो उचलण्याइतका.) घोडा जमिनीला ७०० न्यूटनने मागे रेटतो, म्हणून जमीन त्याला ७०० न्यूटनने पुढे रेटते.

आधी घोडा आणि टांगा मिळून एकच वस्तू धरा. साजाच्या पट्ट्यांतला ताण या वस्तूच्या आतला झाला. तो दोन्हीकडे समान खेचतो, त्यामुळे या बेरजेत त्याची बाकी शून्यच. तुम्ही म्हणता ते खोडणं खरंच होतं, पण फक्त इथे, दोघांना एकत्र मोजलं तर. बाहेरून उरतात पुढचे ७०० आणि मागचे २००. निव्वळ ५०० न्यूटन, एकूण वस्तुमान १००० किलो, म्हणून त्वरण दर सेकंदाला दर सेकंदामागे अर्धा मीटर.

आता दोघांना सुटं करा. टांग्याला हे त्वरण यायला निव्वळ ३०० न्यूटन हवेत. चाकांचा २०० चा विरोध मोडून ते मिळायचे तर पट्ट्यांनी त्याला ५०० ने ओढायला हवं. तितक्याच ५०० ने पट्टे घोड्याला मागे ओढतात. घोड्यावर पुढे ७००, मागे ५००, उरले २००. चारशे किलोच्या घोड्याला २०० न्यूटनने तेच त्वरण मिळतं. हिशेब जुळला. क्रिया ५००, प्रतिक्रिया ५००, काटेकोर समान, आणि तरी दोघेही पुढे निघालेत.

काही सेकंदांनी टांगा एकसारख्या वेगाने चालू लागतो. तेव्हा घोडा जमिनीला २०० नेच रेटतो, पट्ट्यांत ताण २००, चाकांचा विरोध २००. आता टांग्यावरची बलं खरोखर एकमेकांना तोलतात, घोड्यावरचीही तोलतात. तरी गाडी थांबत नाही, कारण बलांची बेरीज शून्य याचा अर्थ वेग बदलत नाही एवढाच; वेग शून्य असा नाही. शिवाय टांग्यावरचे हे दोन २०० तिसऱ्या नियमातली जोडी नाहीत. एक पट्ट्यांनी लावलाय, दुसरा रस्त्याने, आणि दोन्ही एकाच टांग्यावर आहेत. ते समान असणं हा या स्थिर वेगाचा गुण झाला. वेग वाढत असताना ते ५०० आणि २०० होते, म्हणजे समान नव्हते. उलट घोडा-टांग्याची जोडी निघताना, चालताना, थांबताना, कधीच असमान होत नाही.

गाडी हलत नाही ती कधी, हेही यातूनच कळतं. पाऊस पडून चाक चिखलात रुतलं आणि विरोध ९०० न्यूटनवर गेला असं धरा. कोरड्या रस्त्यावर खुराला आपल्या भाराच्या सहा दशांश पकड मिळते असं मानलं, तर ४०० किलोचा घोडा साधारण २३५० न्यूटनपर्यंत रेटू शकेल. निसरड्यात हीच पकड दोन दशांशावर आली तर मर्यादा ७८० च्या आसपास. ९०० चा विरोध तिच्या पलीकडे गेला, आणि गाडी जागची हलायची नाही. हे डोळ्यांना दिसतं: पट्टे ताणलेले असतात, खूर मागे घसरतात, चिखल उडतो आणि चाक तसंच राहतं. अशा वेळी लोक चाकाला हात लावून रेटतात किंवा खुरांखाली गवत, खडी टाकतात. पहिल्या उपायात गाडीवर आणखी एक बाहेरचं बल येतं, दुसऱ्यात जमिनीची पकड वाढते. क्रिया-प्रतिक्रियेच्या समानतेला यातल्या कशानेच धक्का लागत नाही.

भार कसा लादला आहे यालाही इथे महत्त्व आहे. दुचाकी गाडीत ओझं फार मागे गेलं की गाडी उलाळते, दांड्या वर उचलल्या जातात आणि घोड्याच्या पायांवरचा भार कमी होतो. भार कमी तर पकड कमी, म्हणजे तोच घोडा तीच गाडी ओढताना लवकर घसरतो.

शब्दाबद्दल आता. आपल्या रोजच्या बोलण्यात ‘प्रतिक्रिया’ नंतर येते. बातमीवर प्रतिक्रिया, वाचकांची प्रतिक्रिया. आधी कोणी काही केलं, मग दुसऱ्याने उत्तर दिलं. संस्कृतातही तिचे अर्थ उपाय, परतफेड असे, म्हणजे मागून येणारेच. नियमात मात्र आधी-नंतर काहीच नाही. घोडा ओढतो त्याच क्षणी गाडी ओढते, आणि कोणाला क्रिया म्हणायचं, कोणाला प्रतिक्रिया, ही निवड आपली. नावं उलटी दिली तरी नियम जसाच्या तसा राहतो. ‘प्रति’चे मराठीत दोन रंग आहेत: ‘प्रत्युत्तर’ मधला मागून येतो, ‘प्रतिबिंब’ मधला सोबतच असतो. इथे प्रतिबिंबातला ‘प्रति’ घ्यावा. शब्द रुळलेला आहे, तो बदलायची गरज मला वाटत नाही. पण वाक्यात ‘दोन वस्तूंनी एकमेकींवर लावलेली बलं’ हे शब्द असलेच पाहिजेत, आणि शिक्षकांनी ते गाळू नयेत असं माझं ठाम मत आहे.

मुलीला एक व्याकरणाचीच कसोटी द्या. बलाचं वाक्य कर्ता, कर्म आणि क्रियापद यांसकट लिहायचं आणि कर्ता-कर्म यांची अदलाबदल करायची. क्रियापद तेच ठेवायचं. ‘घोडा गाडीला ओढतो’ याचं ‘गाडी घोड्याला ओढते’ होतं, जोडी मिळाली. ‘खूर जमिनीला रेटतो’ याचं ‘जमीन खुराला रेटते’. टेबलावरच्या पुस्तकाला ही कसोटी लावली की नेहमीची चूकही पकडली जाते. पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा आधार यांना अनेक जण क्रिया-प्रतिक्रिया म्हणतात. पण वजन म्हणजे ‘पृथ्वी पुस्तकाला ओढते’, आणि त्याची अदलाबदल ‘पुस्तक पृथ्वीला ओढतं’ अशी होते. त्यात टेबल कुठेच नाही. टेबलाची जोडी वेगळी: ‘टेबल पुस्तकाला वर रेटतं’, ‘पुस्तक टेबलाला खाली रेटतं’. टेबल झटकन काढून घेतलं तर ही दुसरी जोडी संपते, आणि पुस्तक पडत असतानाही पहिली चालूच राहते.