मावेज्याचे सहा लाख: एकरकमी की हप्त्याने?

प्रश्न: सेलूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. जानेवारी 2020 पासून निफ्टी इंडेक्स फंडात दरमहा 5,000 रुपयांची एसआयपी चालू आहे. रस्त्यात जमीन गेली, तिच्या मावेज्यातून कर्ज फेडून 6 लाख उरले. मुलगी येत्या जूनमध्ये नीटच्या तयारीसाठी लातूरला जाणार आहे. स्टेटमेंटवर एसआयपी चांगलीच फळलेली दिसते. मग हे पैसेही एकदम न टाकता हप्त्यानेच टाकू का? स्टेटमेंट जोडले आहे.

उत्तर:

गुरुजी, स्टेटमेंट जोडलंत हे बरं केलंत, कारण उत्तराचा बराचसा भाग त्यातच आहे. फक्त त्यातली टक्केवारी बाजूला ठेवा आणि युनिट मोजा.

तुमच्या पहिल्या वर्षापासून सुरू करू. 10 जानेवारी 2020 ला तुम्हाला 122.5 रुपये एनएव्हीने, म्हणजे एका युनिटच्या भावाने, युनिट मिळाले. मार्चचा हप्ता 11 तारखेला पडला, कारण 10 ला धुळवडीची सुट्टी होती, भाव 104.5. एप्रिलचा हप्ता 13 तारखेला 89.9 ला लागला. तिथून भाव चढत गेला आणि डिसेंबरचा हप्ता 134.8 ला गेला. बारा हप्त्यांचे 60,000 रुपये, युनिट 542. (जुलै 2020 पासून हप्त्यापुढे 4,999.75 दिसतात, ते 25 पैसे मुद्रांक शुल्काचे. हिशेबात त्याने फरक पडत नाही.)

आता हेच 60,000 तुम्ही 10 जानेवारीला एकदम टाकले असते, तर 122.5 च्या भावाने 490 युनिट आले असते. म्हणजे हप्त्याने 52 युनिट जास्त, साधारण 11 टक्के. वर्ष संपल्यावर पुढे एनएव्ही कुठेही गेली तरी हा 11 टक्क्यांचा फरक तसाच राहतो, कारण दोन्हीकडच्या युनिटांना गुणायचा भाव एकच असतो. म्हणून आज काय किंमत झाली हे न बघता युनिट मोजायचे.

तुम्हाला एसआयपी फळलेली दिसते ती यामुळे. पण हे 11 टक्के आले कुठून, ते बघा. त्या बारा भावांची साधी सरासरी 112.2 येते आणि तुम्हाला प्रत्यक्ष युनिट पडलं 110.6 ला. स्वस्तात जास्त युनिट घेण्याचा एसआयपीचा जो गुण सगळे सांगतात, त्याचा वाटा एवढाच, दीडेक टक्का. बाकीचं सगळं, तुमची सुरुवात कोविडच्या पडझडीआधी दोन महिने झाली म्हणून. पहिल्या दिवसाचा भाव वर्षाच्या सरासरीपेक्षा महाग होता, एवढीच गोष्ट.

त्याच स्टेटमेंटवर एक पान पुढे या. जानेवारी 2021 चा हप्ता 144.8 ला लागला आणि डिसेंबरचा 175.1 ला. वर्षभरात एप्रिलमध्ये एकदाच भाव जानेवारीच्या खाली, 143.1 ला आला. बारा हप्त्यांचे युनिट झाले 376. तेवढेच पैसे जानेवारीत एकदम टाकले असते तर 414. इथे एकरकमी 10 टक्क्यांनी पुढे. आणि मोजणी जानेवारी 2020 ऐवजी त्याच वर्षीच्या एप्रिलपासून धरली, तर एकरकमी तब्बल 30 टक्क्यांनी पुढे जाते. फंड तोच, हप्ता तोच, बदलला फक्त पहिला दिवस.

तुमच्या ॲपवर हे कळणार नाही, कारण तिथे एक्सआयआरआर, म्हणजे वर्षाच्या दराने काढलेला परतावा, दिसतो. 10 डिसेंबर 2021 ला तुमच्या त्या वर्षाच्या हप्त्यांचा एक्सआयआरआर सुमारे 22 टक्के येतो आणि एकरकमीचा सुमारे 23. बघणाऱ्याला वाटेल, सारखंच की. पण हातात हप्त्यांचे 65,900 आणि एकरकमीचे 72,600. एक्सआयआरआर फक्त फंडात असलेल्या पैशाचा परतावा मोजतो; उरलेला पैसा बँकेत बसून होता, त्याची तो दखलच घेत नाही. त्या बसलेल्या पैशावर बचत खात्याच्या 3 टक्क्यांनी साधारण 800 रुपये सुटले असते. 6,700 च्या फरकापुढे ते किती?

अर्थात तुमच्या पगारातल्या एसआयपीला हा दोष लागत नाही. वर्षाचा पगार जानेवारीत एकदम होत नाही, तेव्हा तिथे निवडीचा प्रश्नच नव्हता. मावेजा मात्र आज पूर्ण हातात आहे. तो हप्त्याने टाकणं म्हणजे उरलेला पैसा बाजाराबाहेर ठेवणं. बाजार पडण्यापेक्षा चढण्याचे काळ जास्त असतात, त्यामुळे बहुतेक वेळा हे वाट बघणं महाग पडतं. नुसत्या आकड्यांवर बोलायचं, तर माझं मत एकरकमीकडे झुकतं.

तरीही पूर्ण रक्कम एकदम टाका असं मी तुम्हाला म्हणणार नाही. त्याचं कारणही तुमच्याच स्टेटमेंटमध्ये आहे. जून 2022 मध्ये एक ओळ विक्रीची आहे. तेव्हा जमलेल्यापैकी जवळपास निम्मे युनिट तुम्ही काढलेत. पेरणीला लागले की भाव उतरताना बघून काढले, हे तुम्हालाच ठाऊक. पण बाजार तेव्हा खाली होता आणि ते युनिट स्वस्तात गेले. आणि स्टेटमेंटवर फक्त हप्त्याच्या दिवसांचे भाव असतात, त्यामुळे 2020 चा खरा तळ तुम्हाला त्यात दिसतच नाही. 23 मार्च 2020 ला निफ्टी 7,610 वर बंद झाला. 10 जानेवारीला तो 12,257 होता. जानेवारीत टाकलेल्या चार लाखांचे त्या दिवशी अडीच लाखही राहिले नसते. तीन हप्त्यांचे 15,000 असताना ते सोसता येतं. शेताचे पैसे असे वितळताना घरात काय बोलणी होतील, याचा अंदाज घरच्यांना विचारून घ्या.

म्हणून मी असं करीन. लातूरचे क्लास, होस्टेल आणि खानावळ यांचे दोन वर्षांचे 2 लाख फंडाकडे वळवायचेच नाहीत. त्यांच्या दोन मुदत ठेवी करा, एक येत्या जूनला संपणारी आणि दुसरी त्यापुढच्या जूनला. उरलेल्या 4 लाखांतून पेरणीचा खर्च आधी बाजूला काढा. खर्च 50,000 धरला तर 3.5 लाख राहतात. त्यातले 1.5 लाख याच इंडेक्स फंडात आताच टाका. 2 लाख त्याच फंड हाऊसच्या लिक्विड फंडात ठेवून एसटीपी लावा, म्हणजे तिथून इंडेक्स फंडात आपोआप पैसे वळते होतील, दरमहा 50,000, चार महिने. बारा महिन्यांचे हप्ते लावू नका. वाट बघण्याची किंमत मुदतीबरोबर वाढत जाते आणि धीर मात्र तेवढ्या प्रमाणात वाढत नाही. मधे बाजार पडला तरी एसटीपी थांबवू नका, कारण हप्ते लावले ते त्याच दिवसांसाठी. दर एसटीपीला लिक्विड फंडातून होणारी विक्री ही करासाठी विक्रीच धरली जाते. नफा थोडा असेल, पण तो तुमच्या पगाराच्या स्लॅबने रिटर्नमध्ये दाखवावा लागेल.

अर्ज भरताना योजनेच्या नावापुढे 'ग्रोथ' आहे ना, ते बघा. लाभांश वाटणाऱ्या पर्यायात वाटपानंतर एनएव्ही तेवढी उतरते आणि वर केलेली युनिटांची तुलना तिथे चालत नाही. पाचवा महिना लागला की स्टेटमेंट मागवा. संक्षिप्त नको, व्यवहारांसह सविस्तर मागवा. एसटीपीच्या चारही ओळींतले युनिट जोडा आणि 2 लाखांना त्या बेरजेने भागा. आलेला आकडा तुमच्या 1.5 लाखांच्या भावापेक्षा कमी असेल, तर या वेळी हप्ते स्वस्त पडले. जास्त असेल, तर तेवढी किंमत तुम्ही शांत झोपेसाठी मोजलीत.