पटलं होतं, तरी ती दुखावली

ताई, माझ्या मैत्रिणीने झोप न येण्याचा तिचा अनुभव लिहून आम्हा सगळ्याजणींना पाठवला. 20 मिनिटांत झोप लागली नाही तर ती 'आता चारच तास उरले' असा हिशोब करत तळमळत पडून राहत नाही, उठून दुसऱ्या खोलीत बसते आणि डोळे मिटायला लागले की परत येते, असं त्यात होतं. मला ते मनापासून पटलं. मी लिहिलं, "अगदी बरोबर! पण हे सगळ्यांना लागू होत नाही. माझे बाबा रात्री असेच उठले आणि पडले. वयस्कर माणसांचा विचार करून लिहायला हवं." तिचं उत्तर आलं, "मी माझ्याबद्दल लिहिलं होतं." तेव्हापासून गप्प आहे. माझं काय चुकलं? खरं तेच तर बोलले.

तुमचा मुद्दा खरा आहे, हे आधी सांगते. निद्रानाशावर उपचार करणारे उठून बसण्याचा हा उपाय सांगतात, पण ज्यांचा तोल जातो त्यांना अंधारात उठायला न लावता अंथरुणातच टेकून बसायला सांगतात. म्हणजे भर घालण्यासारखं तुमच्याकडे होतं. बिनसलं ते मांडताना.

"अगदी बरोबर" हे पेपर तपासणाऱ्याचे शब्द आहेत. बरोबरची खूण करायची आणि लगेच खाली लाल शाईने शेरा मारायचा. "पटलं" म्हटलं की ते *मला* पटलेलं असतं. निकाल देणारी मी उरत नाही. पण नुसतं "पटलं" म्हणूनही भागत नाही, काय पटलं ते नेमकं सांगावं लागतं. तिच्या लिहिण्यातली एक तरी ओळ तुमच्या स्वतःच्या रात्रीला भिडली असेलच. ती उचला. त्यावरून तिला कळतं की तुम्ही शेवटपर्यंत वाचलंय, वाकडं बोट दाखवायला जागा शोधत नव्हता.

मग येतो तो "पण". आपल्याकडे "पण" ऐकला की माणूस त्याच्या आधीचं सगळं विसरतो. (मीही एकदा एका स्नेह्यांना "छान लिहिलंय, फक्त एक छोटीशी गोष्ट" म्हणून दीड पान लिहिलं होतं. त्यांनी छोट्याशा गोष्टीबद्दल आभार मानले, आणि पुन्हा काही वाचायला दिलं नाही.) "पण" काढून नुसता "आणि" घातला तरी काम होत नाही, वाक्यच फिरवावं लागतं. "हे सगळ्यांना लागू होत नाही" यात उणीव तिच्या लेखात दिसते. "ज्यांचा रात्री तोल जातो, त्यांनी अंथरुणातच बसलं तरी चालतं" यात उणीव कुठेच नाही. तिचा उपाय तसाच राहिला आणि आणखी काही माणसं त्यात मावली.

आणखी एक. तिने "मी" म्हणून लिहिलं होतं, तुम्ही उत्तर दिलंत "सगळ्यांनी असं करा" या वाक्याला, जे तिने लिहिलंच नव्हतं. तिला तेच लागलं. दुरुस्ती सुचवण्याआधी मूळ मजकूर पुन्हा वाचून बघावा. निम्म्या वेळा लिहिणाऱ्याने आपली मर्यादा स्वतःच घालून ठेवलेली असते. आणि "विचार करून लिहायला हवं" हे तर उपायाबद्दलही नव्हतं, तिच्याबद्दल होतं. तेही सगळ्याजणींसमोर.

मी असं लिहिलं असतं:

"वाचलं आणि पटलं. 'आता चारच तास उरले' हा हिशोब मीही रोज करते, आणि त्याच हिशोबाने उरलीसुरली झोपही उडते. तुझ्या उपायाला एक जोड देते. बाबा रात्री उठताना पडले, त्यानंतर आम्ही त्यांना अंथरुणातच उशीला टेकवून बसवायचो. ज्यांच्या घरी कुणी वयस्कर आहे, त्यांच्या उपयोगी पडेल."

तुम्ही बाबांना तसं बसवत नसाल तर ते वाक्य गाळा. अनुभव उसना घेतला की लगेच कळतो. जोडसुद्धा एकच हवी. दोन झाल्या की लेख तुमचा होतो.

हे सगळं कधी करायचं नाही, तेही सांगते. तिने झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने वाढवा असं लिहिलं असतं, तर गोडीगुलाबी न करता, "हे करू नका, डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहायचं होतं. तिथे जोड देत बसलात तर धोका झाकला जातो.

तुमच्या पत्रात बाबांच्या पडण्याचा उल्लेख एकाच ओळीत आहे, तरी मला वाटतं त्या दिवशी उत्तर त्याच ओळीने लिहिलं. ते तिला माहीत नाही. तिला एकटीलाच कळवा: "तू स्वतःबद्दल लिहिलं होतंस, मी बाबांच्या आठवणीत वाचलं. माझं चुकलं." पुढे काही जोडू नका. उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या.