मेकॅनिकल घड्याळांचे ठोके वेगवेगळे का? जास्त ठोके म्हणजे जास्त अचूक का?

प्रश्न: बाबांचं चावीचं एचएमटी तासाला 18,000 ठोक्यांचं, माझं ऑटोमॅटिक 28,800 चं. असा फरक का ठेवतात? जास्त ठोक्यांचं घड्याळ जास्त अचूक असतं का, आणि लवकर झिजतं का?

उत्तर: जास्त ठोक्यांच्या घड्याळाची वेळ हातावर असताना जास्त स्थिर राहते, हा खरा फायदा. दादरला लोकलमधून उतरताना मनगटाला हिसका बसतो आणि मागेपुढे झुलून ठोके देणाऱ्या बॅलन्स व्हीलचा झोका बिघडतो. जलद झुलणाऱ्या चाकावर त्या हिसक्याचा परिणाम कमी होतो आणि ते लवकर सावरतं. पण नीट जुळवलेलं 18,000 चं घड्याळ बिघडलेल्या 28,800 पेक्षा केव्हाही बरं. नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

याची किंमत चावीची ताकद साठवणारी मुख्य स्प्रिंग मोजते. प्रत्येक ठोक्याला ती थोडी ताकद देते, त्यामुळे ठोके वाढले की स्प्रिंग दणकट तरी हवी, नाहीतर चावी लवकर उतरते. म्हणूनच सगळे एकच वेग ठेवत नाहीत.

झिजेचा हिशोब बघा. बाबांचं घड्याळ दिवसाला 4,32,000 ठोके देतं, तुमचं 6,91,200. पाच वर्षांत तुमचे साधारण 126 कोटी, त्यांचे 79 कोटी. स्प्रिंगची ताकद ठोक्याठोक्याने पुढे सोडणाऱ्या एस्केप व्हीलच्या दातांवरचं तेल जलद वेगात लवकर हटतं आणि धातू कोरडा घासू लागतो. पूर्ण चावी असूनही घड्याळ पूर्वीपेक्षा लवकर थांबायला लागलं किंवा रोजचा फरक अचानक बदलला, तर सर्व्हिसिंगला द्या. चालतंय म्हणून तसंच वापरत राहिलात, तर तेलाऐवजी भाग बदलावे लागतील.