घरभर माणसं आणि दारात नवी सून

"ताई, धाकट्याचं लग्न वैशाखात आहे. आम्ही बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातले, मुलगी गोकाककडची. माणसं आमच्यातलीच, पण तिच्या घरी सगळं कानडीच. मराठी तिला कळतं, बोलताना मात्र अडखळते. थोरल्या सुनेच्या वेळी घर भरलेलं होतं. नमस्कार करता करता तिला घेरी आली, आणि 'आत्तापासूनच नाजूक' असं माझी नणंद बोलली. ते ती अजून विसरलेली नाही. या पोरीनं पहिला नमस्कार कसा करावा, आणि आम्ही काय करावं, म्हणजे तिला परकं वाटणार नाही?"
– होणारी सासू, खानापूर तालुका

वैनी,

नमस्कार कसा करायचा ते तिची आई शिकवूनच पाठवेल. पदर डोक्यावर घेऊन, वाकून, पायाला हात लावून. गोकाकात काय आणि खानापुरात काय, त्यात फरक नाही. किती जणांना आणि कधी करायचा, हे मात्र तुमच्या हातात आहे.

त्या दिवशीची पोरगी डोळ्यांपुढं आणा. पहाटे उठवलेली, अक्षता दुपारी, जेवण नावापुरतं, अंगावर जड शालू, वर वैशाखाचं ऊन आणि गोकाकपासूनचा प्रवास. तुमच्या दारात येईतो संध्याकाळ झालेली असते. अशात चाळीस जणांसमोर वाकून उठायचं म्हणजे कुणालाही घेरी येईल. थोरलीला आली ती नाजूकपणानं नाही, उपाशीपोटी आली.

म्हणून या वेळी क्रम थोडा बदला. दारात भाकरतुकडा, पायावर पाणी, माप ओलांडणं, कुंकवाची पावलं, हे सगळं नेहमीसारखंच होऊ दे. मग देवघरात देवाला नमस्कार, तुम्हा दोघांना आणि घरात आजेसासू असतील तर त्यांना. तिथं थांबायचं. लगेच तिला आत न्यायची, दार लावायचं, पाणी द्यायचं, बाथरूम दाखवायचं, शालू सोडून हलकी साडी नेसू द्यायची आणि पोटात काहीतरी जाऊ द्यायचं. अर्धा तास पुरे. बाहेर आल्यावर बाकीची वडीलधारी मंडळी एका ओळीत बसवा आणि दोघांनी जोडीनं सगळ्यांना मिळून एकच नमस्कार करावा. ज्यांचे पाय शिवल्याशिवाय चालतच नाही असे दोघं-तिघं प्रत्येक घरात असतात, तेवढ्यांचा वेगळा. गल्लीतली माणसं दुसऱ्या दिवशी, तिची झोप झाल्यावर. नमस्काराला मुलगाही तिच्याबरोबर वाकला पाहिजे. तो मित्रांच्यात उभा आणि ती एकटी वाकतेय, हे मला कधीच बघवत नाही.

नमस्कार झाला की तुम्ही काय बोलता ते ती लक्षात ठेवणार. 'अखंड सौभाग्यवती भव' म्हणालच, पण पाठोपाठ एक साधा प्रश्न विचारा, तोही तिच्या भाषेत: "ऊट आता?" म्हणजे जेवण झालं का? खानापूरच्या बाजारात उठबस असलेल्या बाईला एवढं कानडी येतंच. ती "आतरी", म्हणजे झालं, म्हणेल आणि चार लोकांत तिचा आवाज फुटेल. तेवढ्यावर थांबा. लगेच "आता मराठीत बोलून दाखव" असं कुणी सुरू केलं, की तिचं तोंड मिटलंच म्हणून समजा. नाव घ्यायला लावणारच असाल, तर कानडीत घेऊ दे. तिकडेही नवऱ्याचं नाव घालून म्हणायची रीत आहे, त्याला ओडपु म्हणतात, आणि तिला चार-दोन पाठ असणारच. मराठीत बोलताना तिचं लिंग-वचन चुकेल, पोरं हसतील. पोरांना त्यात दोष देऊ नका, पण मोठ्यांनी हसायचं नाही, आणि कुणी हसलंच तर तुमच्या मुलानं तिथल्या तिथं म्हणावं, "मी गोकाकात गेल्यावर माझं कानडी ऐकायला या सगळे." एवढ्यानं विषय संपतो.

त्याच रात्री तिला सांगून टाका की तुम्हाला काय म्हणायचं. आई म्हण, किंवा सासूला कानडीत म्हणतात तसं अत्ती म्हण, तुला जे तोंडात येईल ते. हे राहून जातं आणि मग सून महिनोन्महिने सासूला हाकच मारत नाही. तुम्ही मान वर करून बघेपर्यंत दारात उभी राहते, मग बोलते. तुमच्याकडं असं दिसलं, तर संकोच अजून तिथंच आहे असं समजा.

आता पोटाचं. तुमच्याकडं पाऊस आणि भात. तिच्याकडं पाऊस कमी आणि जोंधळा. तिन्ही वेळा भात खायची तिला सवय नसणार. पहिले काही दिवस एका वेळेला जोंधळ्याची भाकरी होऊ दे, सगळ्यांच्याच ताटात, म्हणजे 'हिच्यासाठी वेगळं' असं होत नाही. भाकऱ्या तिनं थापाव्यात असा आग्रह पहिल्या आठवड्यात नको. आणि जेवायला तिला शेवटी, एकटीला बसवू नका. कुणीतरी बरोबर बसा.

ती पाणी किती पिते तेही बघत जा. नवी सून पाणी कमी प्यायला लागली, तर बहुतेक वेळा तिला बाथरूमला जायची चोरी वाटत असते. तुमच्याकडं ते परड्यात असेल तर दिव्याचं बटण कुठं आहे, आतली कडी नीट लागते का, हे पहिल्याच संध्याकाळी दाखवा, आणि रात्री पहिल्यांदा कुणीतरी सोबत जा. पाळीचंही असंच. सत्यनारायण कधी घालायचा ते तुम्ही ठरवाल, पण त्याआधी तिला एकटीला बाजूला घेऊन विचारा. अडचण असेल तर पूजा पुढं ढकला, आणि का ढकलली ते बाहेर सांगायची गरज नाही. भटजींनी वेळ दिला नाही म्हटलं तरी चालतं.

हे सगळं करणार कोण? तुम्ही त्या दिवशी पाहुण्यांत अडकलेल्या असाल. आत नेणं, पाणी देणं, हळूच विचारणं, याला थोरलीसारखी बाई दुसरी नाही. पण तिला हुकूम देऊ नका. आपल्या वेळी कुणी विचारलं नाही आणि धाकटीसाठी मात्र सगळं, हे तिच्या मनात येणारच, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. आधी तिच्याशी बोला. तुझ्या वेळी आमचं चुकलं, तेव्हा मी गप्प बसले, असं सरळ म्हणा. मग विचारा, त्या दिवशी तुला काय हवं होतं? ती जे सांगेल ते माझ्या या पत्रापेक्षा जास्त उपयोगाचं निघेल.

नणंदबाईंना बोलावणं टाळू नका, त्यातून वेगळंच महाभारत होईल. दारात ओवाळायचा मान त्यांना द्या. त्याआधी फोनवर एवढंच सांगा की या वेळी पोरीला कुणी काही बोललं, तर मी सगळ्यांसमोर उत्तर देणार आहे. त्यांना राग येईल. येऊ दे.

व्याह्यांनाही एक विचारून घ्या: पाठराखीण म्हणून कोण येणार? तिच्या वयाची, तिच्याशी मोकळं बोलणारी बहीण किंवा मैत्रीण आली तर बरं, आणि तिची झोपायची सोय नवरीच्या जवळच करा. थोरलीशी बोलायचं मात्र लग्नाच्या आठवड्यावर ठेवू नका. एकदा मांडव पडला की तुम्हा दोघींना निवांत बसायला मिळायचं नाही.

– ताई