४-४-२ मधून ४-३-३ मध्ये गेल्यावर मधल्या खेळाडूचं काय बदलतं?

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमला नवीन कोचनी ४-४-२ सोडून ४-३-३ खेळायला सांगितलंय. मी सेंटर मिडफिल्डला खेळतो. एक माणूस इकडचा तिकडे गेला एवढंच ना? माझ्या कामात खरंच काही बदलतं का?

उत्तर:

बदलतं, आणि सगळ्यात जास्त तुमचंच बदलतं. ४-४-२ मध्ये तुम्ही मैदानाच्या रुंदीत धावता. ४-३-३ मध्ये एक तर लांबीत धावता, नाहीतर न धावता जागा धरून राहायला शिकता. मी कोल्हापुरात एका तालमीच्या टीमकडून बारा वर्षं मध्येच खेळलो, आता पोरांना शिकवतो. त्यामुळे मधल्या खेळाडूच्या नजरेतूनच सांगतो.

आधी ४-४-२ बघू. मोठं मैदान ६८ मीटर रुंद असतं आणि त्याच्या मधल्या पट्ट्यात तुम्ही दोघंच असता. दोन माणसांनी एवढी जागा भरायची तर ती एकमेकांना धरूनच भरावी लागते. मी पोरांच्या कमरेला आठ मीटरचा दोर बांधून हे शिकवतो. बॉल उजवीकडे गेला की उजवा त्याच्यावर जातो आणि डावा त्याच्या तिरक्या मागे सरकतो. दोर लोळायला लागला तर दोघं एकमेकांच्या अंगावर आलेत, आणि ताणून एखाद्याला हिसका बसला तर मधून पास जाणार हे समजायचं. पहिल्या दिवशी पोरं वैतागतात, पण आठवड्याभरात दोर काढला तरी अंतर अंगात बसलेलं असतं.

यात कडेच्या दोघांचाही वाटा असतो. बॉल उजव्या कडेला असताना डावीकडच्या मिडफिल्डरनं जवळजवळ मधल्या वर्तुळापर्यंत आत यायला हवं. आपल्याकडे बाहेरून नेमकी उलटी आरोळी येते, ‘लाइन धर, लाइन धर!’ बॉल आपल्याकडे असताना ते बरोबर आहे. समोरच्याकडे असताना तो लाइन धरून उभा राहिला, तर मधले दोघं उघडे पडतात.

आता खरी अडचण. समोरची टीम मध्ये तिघं घेऊन आली तर एक माणूस मोकळा राहतो, आणि बहुतेक वेळा तो सगळ्यात मागचा, होल्डिंगला खेळणारा असतो. त्याला कोण धरणार? एका मॅचमध्ये मी हे चांगलंच भोगलंय. समोरचा होल्डिंगवाला निवांत पास वाटत होता आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आपण जाऊन त्याला दाबावं. मी पंधरा पावलं पुढे गेलो की तो बॉल माझ्या बाजूनं आत सरकवायचा, आणि मी जिथून निघालो तिथेच त्यांचा माणूस पाठीला काही न लागता वळायचा. माझा जोडीदार एकटा दोघांसमोर. हाफटाइमला सगळे आमच्या स्टॉपरवर ओरडत होते, पण भोक मी पाडलं होतं.

हेच खूप वरच्या पातळीवर कसं दिसतं ते बघायचं असेल तर २८ मे २०११ ची वेम्बलीवरची चॅम्पियन्स लीगची फायनल पूर्ण बघा. बार्सिलोना ४-३-३, मध्ये बुस्केट्स, झावी आणि इनिएस्टा. मँचेस्टर युनायटेडकडे मध्ये कॅरिक आणि गिग्ज, कडांना वॅलेन्सिया आणि पार्क, पुढे हर्नांडेझ आणि त्याच्या जरा मागे रूनी. म्हणजे थोडं वाकवलेलं ४-४-२. पहिली दहाएक मिनिटं युनायटेडनं वर चढून दाबलं आणि बार्सिलोनाला श्वास घेऊ दिला नाही. मग मेसी स्ट्रायकरची जागा सोडून खाली यायला लागला. आता कॅरिक आणि गिग्ज यांच्या आसपास चौघं. फर्डिनांड आणि विडिच यांच्यासमोर धरायला कुणीच नाही. त्यांनी मेसीच्या मागे वर यावं, तर व्हिया आणि पेद्रो कडेवरून मोकळ्या जागेत घुसायला टपलेले. ते जागेवर राहिले, मेसी मोकळा राहिला.

२७ व्या मिनिटाला झावी मधून बॉल घेऊन पुढे येतो. त्याच्या अंगावर वेळेत कुणी जात नाही, आणि तो बुटाच्या बाहेरच्या बाजूनं पेद्रोला पास सरकवतो. गोल. ५४ व्या मिनिटाला मेसी युनायटेडच्या मधल्या आणि मागच्या रांगांमधल्या त्याच मोकळ्या पट्ट्यात बॉल घेतो आणि बॉक्सच्या बाहेरून मारतो. नंतर व्हियाचा तिसरा, ३-१. मी ही मॅच पोरांना दाखवतो तेव्हा बॉलकडे बघू नका, फक्त कॅरिककडे बघा असं सांगतो. तो आळशी खेळला नाही. प्रत्येक वेळी त्याला दोघांपैकी एकाला सोडावं लागत होतं, आणि ज्याला सोडलं त्याच्याकडे बॉल जात होता.

म्हणून ४-४-२ जुनाट झालं असं मी मुळीच म्हणणार नाही. २०१३-१४ च्या मोसमात सिमिओनेची ॲटलेटिको माद्रिद बार्सिलोनाशी सहा वेळा खेळली आणि बार्सिलोनाला एकही मॅच जिंकता आली नाही. ॲटलेटिको ४-४-२ च खेळत होती. त्यांनी मोकळ्या माणसाचा प्रश्न स्ट्रायकरकडे दिला. व्हिया (तोच, तोवर तो ॲटलेटिकोत आला होता) आणि दिएगो कोस्टा समोरच्या स्टॉपरना मोकळं सोडून खाली यायचे आणि बुस्केट्सच्या वाटेत उभे राहायचे. गाबी आणि त्याच्या जोडीदाराला पुढे धावायची गरजच उरत नव्हती. कोके आणि आर्दा तुरान कडेला असूनही आत चिकटून खेळायचे, म्हणजे मधला पट्टा चौघांनी भरलेला. कडा बार्सिलोनाला मोकळ्या. तिथून क्रॉस आले तर येऊ देत, हेडरला गोदीन आणि मिरांदा होते. लीगच्या शेवटच्या दिवशी काम्प नोऊवर कोस्टा आणि तुरान दोघंही पहिल्या अर्ध्या तासातच जखमी होऊन बाहेर गेले, तरी घडी मोडली नाही. गोदीनच्या हेडरनं १-१ झालं आणि लीग त्यांनी जिंकली.

यावरून ४-४-२ नेमकं काय मागतं ते कळतं. बॉल नसताना स्ट्रायकरनं मिडफिल्डरसारखं राबणं. तुमच्या टीममधले दोन्ही स्ट्रायकर बॉल गेला की कमरेवर हात ठेवून उभे राहत असतील, तर तुमच्या कोचनी बदल योग्यच केलाय, कारण त्यांची भरपाई तुम्ही दोघं कितीही पळून करू शकणार नाही.

आता तुमच्या नव्या कामाकडे. ४-३-३ मध्ये ‘मिडफिल्डर’ नावाचं एक काम राहत नाही, त्याची दोन वेगळी कामं होतात. त्यातलं तुम्हाला कोणतं दिलंय ते पहिल्याच सरावाला विचारून घ्या.

तिघांतला मागचा असाल तर मोह आवरणं हे मुख्य काम. बॉल कडेला गेला की तिथे जायची सवय ४-४-२ नं लावलेली असते. इथे तुम्ही गेलात की दोन्ही स्टॉपरसमोर मैदान उघडं. तुमच्या फुलबॅकनं पुढे धाव घेतली की स्टॉपर बाहेर सरकतात आणि तुम्ही त्यांच्या मध्ये जवळजवळ तिसरा स्टॉपर होता. बॉल घेतानाची उभं राहण्याची ढबही बदला. आपल्या गोलकडे तोंड करून पास घेतलात तर परत मागेच द्यावा लागतो. अंग अर्धं वळवून, पास यायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून मागे एक नजर टाकून, लांबच्या पायानं बॉल घ्या. बुस्केट्सकडे वेग कधीच नव्हता. बॉल यायच्या आधीच पुढचा पास ठरलेला असायचा, म्हणून त्याचं भागलं.

पुढच्या दोघांपैकी असाल तर फुफ्फुसं लागतात. बॉल आपल्या विंगरकडे गेला की तुम्ही त्यांच्या फुलबॅक आणि स्टॉपरच्या फटीत धाव घ्यायची, उलट्या कडेला असला की बॉक्समध्ये पोचायचं, कारण पुढे स्ट्रायकर एकटाच आहे. आणि बॉल गेला की तेवढंच अंतर मागे.

मागे येताना ४-३-३ चं भोक लागतं, तेही सांगतो. होल्डिंगवाल्याच्या दोन्ही बाजूंना जागा उघडी असते. वेम्बलीवर युनायटेडचा एकमेव गोल असाच मधून आला. रूनीनं आधी कॅरिकशी आणि मग गिग्जशी देवघेव करत बुस्केट्सच्या बाजूनं थेट घुसून मारला. कॉलेजच्या पातळीवर हे भोक आणखी लवकर पडतं, कारण विंगर मागे येत नाही. मग त्यांचा विंगर आणि वर चढलेला फुलबॅक मिळून तुमच्या फुलबॅकवर दोनास एक होतात. त्याला वाचवायला तुम्ही कडेला जाता, तुमची जागा भरायला होल्डिंगवाला सरकतो, आणि एक लांब पास उलट्या बाजूला पडला की तिथे त्यांचा माणूस बॉल थांबवून, मान वर करून, बघून मारतो.

हे आपल्याकडे होतंय का ते ओळखायला पुढच्या मॅचला बेंचवरच्या एकाला एवढंच मोजायला सांगा: आपण बॉल गमावल्यावर पाच सेकंदांनी बॉलच्या मागे, आपल्या गोलच्या बाजूला, आपली किती माणसं आहेत. गोलकीपर सोडून सात किंवा जास्त येत असतील तर ठीक चाललंय. वारंवार सहाच आली तर तिन्ही पुढचे वरच थांबलेत आणि एक मिडफिल्डरही अडकलाय. तेव्हा कोचशी बोला की निदान बॉल ज्या कडेला आहे त्याच्या उलट्या कडेचा विंगर आत येऊन मधल्या रांगेत बसू दे. बॉलच्या कडेचा राहिला वर तर चालेल, बॉल परत मिळाल्यावर पहिला पास द्यायला तोच लागतो.